तीव्र चिंतेच्या रुग्णाशी उपचारात्मक संवाद

मानसोपचार वॉर्डमधल्या संध्याकाळच्या ड्युटीवर 32 वर्षांच्या एका ताईंना आणले (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत). ईसीजी नॉर्मल, ऑक्सिजन 98 टक्के, नाडी 124, श्वास मिनिटाला 32. बोटांना मुंग्या आलेल्या. पदराचे टोक पिळत त्या एकच सांगत होत्या, "सिस्टर, माझा जीव जातोय."

मी चटकन बोलून गेले, "काही होत नाही हो, रिपोर्ट चांगले आहेत." त्या किंचाळल्या, "म्हणजे मी नाटक करतेय का?" खोटा दिलासा म्हणतात तो हाच. माझ्या वाक्यात धीरापेक्षा माझी घाईच जास्त होती.

नर्सिंगमधल्या सिद्धांतकार हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक अशा चार पातळ्या मांडल्या. वरच्या पातळ्यांवर माणसाचे लक्ष आक्रसते, लांब वाक्य डोक्यात शिरतच नाही. वर्गात आम्ही घोकलेले खुले प्रश्न, म्हणजे "तुम्हाला काय वाटतंय ते सविस्तर सांगा", अशा क्षणी ओझेच ठरतात. नर्सची अस्वस्थता रुग्णाला लागते, हेही पेप्लाऊंचेच निरीक्षण. म्हणून आधी मीच एक श्वास सावकाश सोडला.

नातेवाइकांना बाहेर बसवले, टीव्ही बंद केला. समोर उभी न राहता थोडी तिरकी, हातभर अंतरावर बसले.

"ताई, मी इथेच आहे. तुम्हाला फार भीती वाटतेय."

"हो."

"हात धरू का?" त्यांनी मान हलवली. न विचारता हात लावला असता तर त्या कदाचित दचकल्या असत्या.

"माझ्याबरोबर श्वास सोडा. हळू. अजून हळू."

भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या येतात, हे त्यांना नंतर, श्वास 20 वर आल्यावर सांगितले. आधी सांगून उपयोग नव्हता. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी देतानाही ती कशासाठी आहे ते एकाच वाक्यात सांगितले.

मग मी गप्प बसले. संवादकौशल्यातले हे मला सर्वांत अवघड जाते. शांतता पडली की काहीतरी बोलावेसे वाटते. दोनेक मिनिटांनी त्याच म्हणाल्या, "सासऱ्यांना असंच छातीत दुखलं, आणि तासाभरात गेले."

"म्हणजे आज दुखलं तेव्हा तेच आठवलं?"

"तेच." आणि त्या रडू लागल्या. आता चिंता मध्यम पातळीवर आली होती; खुला प्रश्न आता पेलणार होता. तरी माझ्या तोंडून एकदा "मग आधी का नाही सांगितलंत?" निघालेच. "का" विचारले की जाब विचारल्यासारखे होते. त्यांनी नजर खाली घातली, तेव्हा मी शब्द बदलले: "हे मनात ठेवून किती दिवस काढलेत?"

"दीड महिना."

रात्रीच्या सिस्टरना हँडओव्हर देताना मी 'रुग्ण घाबरट' असे लिहिले नाही. ताईंचेच वाक्य अवतरणात उतरवले, आणि खाली नाडी 92, श्वास 18.