वीटकाम व गिलावा तपासणी अहवाल: दुसरा मजला, सदनिका २०३

काम: पार्किंग व वर तीन मजल्यांची निवासी इमारत, सातारा
अहवाल क्र.: वी-गि/२३ दिनांक: ५ डिसेंबर २०२५
हजर: साइट अभियंता, ठेकेदाराचा मुकादम, गवंडी
साधने: ओळंबा, ट्यूब लेव्हल, गुणिया, २ मीटरची अ‍ॅल्युमिनियम पट्टी, टेप, लाकडी हातोडी

नोंदीचा नियम: माप आधी लिहायचे, दुरुस्ती नंतर. नापास आकडा खोडून त्यावर नवा लिहायचा नाही. फेरतपासणीचे माप खाली, तारखेसह. भिंतीवर लाल खडूने खूण आणि दुरुस्तीपूर्वीचा फोटो असल्याशिवाय फोडकाम सुरू करू नये.

अ. वीटकाम (तपासणी ३ नोव्हेंबर)

बाहेरच्या भिंती २३० मिमी, माल १:६. आतल्या १०० मिमी, माल १:४, दर मीटरला आरसीसी पट्टी. ओळंबा, थर व सांध्यांच्या मर्यादा आयएस २२१२ प्रमाणे.

| बाब | मर्यादा | मिळालेले | शेरा |
|---|---|---|---|
| विटेचे पाणी शोषण | २० टक्क्यांपर्यंत | १६ टक्के (प्रयोगशाळा) | पास |
| ओळंबा, भिंत १ ते ३ | ३ मी उंचीत ६ मिमी | ३, ४, ४ मिमी | पास |
| ओळंबा, भिंत ४ | ३ मी उंचीत ६ मिमी | २.९ मी उंचीत ११ मिमी | नापास |
| थराची पातळी | १२ मी लांबीपर्यंत ६ मिमी | ४ मिमी | पास |
| आडवा सांधा | १० मिमी, फरक २ मिमी | ९ ते १२ मिमी | पास |
| सांधे खरवडणे | किमान १० मिमी खोल | भिंत २ वर ४ ते ५ मिमी | दुरुस्ती |

विटा भिजवलेल्या होत्या, उभे सांधे एकावर एक आलेले नाहीत, दाराचे कोन गुणियात आहेत.

भिंत ४ म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली. १.४ मीटरपर्यंत फरक फक्त २ मिमी. त्यावर ती न्हाणीघराकडे झुकत गेली. मुकादमाच्या हजेरीवहीनुसार १ मीटरनंतरची सगळी भिंत एका दिवसात चढवली आणि २ मीटरवरची पट्टी टाकलीच नाही. साइटचा नियम दिवसाला १ मीटरचा आहे. मुकादमाचे म्हणणे, "साहेब, गिलाव्यात भरून घेऊ." मान्य नाही. ११ मिमी गिलाव्यात भरायचे तर एका टोकाला २० मिमीच्या वर थर जाईल, आणि तो पुढे फुगेल. त्यावर टाइल लागणार आहे, म्हणजे दोष कायमचा झाकला जाईल.

सरळ नाकारायचे, चर्चा नाही: ओळंब्यात ६ मिमीपेक्षा जास्त फरक, पट्टी वगळलेली भिंत, पोकळ सांधे (थापीचे टोक सहज आत जाते), पाणी घालून पुन्हा कालवलेला माल, ७ दिवस पाणी न मारता सुरू केलेला गिलावा.

ब. गिलावा (तपासणी २६ नोव्हेंबर)

हॉलची आतली बाजू, १८ नोव्हेंबरला केलेली, १:४, १२ मिमी. खालच्या मर्यादा या साइटसाठी ठेकेदाराशी ठरवलेल्या आहेत.

- सपाटी: २ मीटर पट्टीखाली ३ मिमीपर्यंत फट. मिळाली २ मिमी. पास.
- जाडी: १० ते १५ मिमी. स्विचबॉक्सच्या कडेला मोजली, १३ मिमी. पास.
- खिडकीच्या कडा: गुणियात, पास. एक कोपरा तुटलेला, किरकोळ.
- भेगा: नखाएवढी खोल किंवा सांध्याच्या रेषेत गेलेली भेग नापास. बीमखाली आडवी भेग, ९०० मिमी.
- हातोडीचा आवाज: त्याच भेगेखाली ६०० × ४०० मिमी पोकळ. नापास.

पोकळ भाग फोडल्यावर कारण दिसले: बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी नव्हती, आणि बीमला टाचेही मारलेले नव्हते. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरणार कसा?

क. दुरुस्ती नोंद

२३/१, भिंत ४. ४ नोव्हेंबरला १.४ मीटरच्या वरचा भाग उतरवला. ५ ला २ मीटरपर्यंत बांधकाम, ६ ला पट्टी, ८ ला उरलेला भाग. फेरतपासणी १० नोव्हेंबर: ओळंबा ४ मिमी. पास. १७ पर्यंत पाणी मारले, मगच गिलाव्याला परवानगी.

२३/२, भिंत २ चे सांधे. ४ नोव्हेंबरला पुन्हा खरवडून ब्रशने धूळ काढली. माल घट्ट झाल्यामुळे एका गवंड्याचा अख्खा दिवस गेला. त्याच संध्याकाळी खरवडले असते तर तासाभराचे काम होते. खोली ११ मिमी. पास.

२३/३, हॉलचा गिलावा. २७ नोव्हेंबरला पोकळ भागाबाहेर १०० मिमीपर्यंत सरळ कडा कापून काढला, भेगेची पूर्ण लांबी उघडली. बीमला टाचे मारले, सांध्यावर ३०० मिमी रुंद जाळी, दोन्हीकडे १५० मिमी. कडा ओल्या करून नवा गिलावा. खिडकीचा कोपराही त्याच दिवशी भरला. ७ दिवस पाणी. फेरतपासणी ५ डिसेंबर: आवाज भरीव, भेग नाही. पास.

तिन्ही दुरुस्त्यांचा माल व मजुरी ठेकेदाराकडे. मोजमाप पुस्तकात ही कामे एकदाच धरली आहेत. उरलेल्या खोल्यांत गिलावा सुरू होण्याआधी बीमखालच्या जाळीचा फोटो सोमवारी, ८ डिसेंबरला साइट कार्यालयात दाखवायचा आहे.

साइट अभियंता व मुकादम यांनी मापे एकत्र घेऊन सह्या केल्या.