उपकरणांचे वार्षिक देखभाल करार एकाच अंदाजपत्रकीय शीर्षाखाली आणण्याबाबत अर्थ समितीपुढे ठेवलेली टिप्पणी

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य, अर्थ समिती
दिनांक : 19 जानेवारी 2026
विषय : अंदाजपत्रक 2026-27, ‘उपकरणे व यंत्रणा : वार्षिक देखभाल करार’ हे नवे एकत्रित शीर्ष

महोदय,

आपल्या 120 खाटांच्या रुग्णालयात आजमितीस देखभालीचे 37 करार चालू आहेत. ते आठ विभागांनी आपापल्या सोयीने, वेगवेगळ्या तारखांना केलेले आहेत आणि त्यांचा खर्च पाच निरनिराळ्या शीर्षांखाली नोंदला जातो. क्ष-किरण विभागाचा करार ‘दुरुस्ती’खाली, लिफ्टचा ‘इमारत देखभाल’खाली, सर्व्हरचा ‘संगणक खर्च’खाली, डायलिसिसच्या पाणीशुद्धीकरण यंत्रणेचा ‘व्यावसायिक शुल्क’खाली, आणि प्रयोगशाळेतील दोन लहान करार तर ‘किरकोळ खर्चा’त आढळले. गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत एका सदस्यांनी “देखभालीवर एकूण किती जाते?” असे विचारले होते. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नोव्हेंबरपासून प्रत्येक करार, प्रत्येक बिल आणि प्रत्येक यंत्र समोरासमोर ठेवून पडताळल्यावर ते उत्तर आता देता येते : चालू वर्षअखेर करारांवर करांसह 53,71,000 रुपये आणि कराराबाहेरील दुरुस्त्यांवर 7,64,000 रुपये, म्हणजे एकूण 61,35,000 रुपये खर्च होतील.

या पडताळणीत दिसलेल्या दोन बाबी समितीने जाणून घ्याव्यात असे मला वाटते. निर्जंतुकीकरण विभागातील जुने ऑटोक्लेव्ह दोन वर्षांपूर्वी वापरातून काढले आणि ते आज धुलाईघराच्या मागील शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे; तरीही त्याचा करार दोनदा नूतनीकृत झाला. कंपनीचा अभियंता दर तिमाहीला येत असे, भेटीच्या अहवालावर “यंत्र बंद, काम नाही” असे लिहीत असे, त्याखाली आपल्या कर्मचाऱ्याची सही होत असे आणि तो अहवाल बिलाला जोडून आमच्याकडे पोहोचत असे. बिल मंजूर करताना तो अहवाल आमच्या विभागात कोणी वाचला नाही, ही चूक सर्वस्वी लेखा विभागाची आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रियागृहातील सी-आर्म यंत्र अकरा दिवस बंद राहिले. त्याचा करार केवळ मजुरीचा होता, सुट्या भागांचा नव्हता. आणि भाग मागवण्याची वेळ आली तेव्हा त्या विभागाचे ‘दुरुस्ती’ शीर्ष आधीच संपलेले होते. त्याच दिवशी इतर दोन विभागांच्या शीर्षांत पुरेशी शिल्लक होती, पण ती वळवण्यासाठी मंजुरी मिळवण्यात सहा दिवस गेले. हाड जोडण्याच्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि काही रुग्णांना दुसरीकडे पाठवावे लागले. ते सहा दिवस कागदांमुळे गेले, आणि मी ही टिप्पणी लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

प्रस्ताव असा की, 1 एप्रिल 2026 पासून सर्व विभागांच्या उपकरणांचे देखभाल करार एकाच शीर्षाखाली यावेत आणि त्या शीर्षाचा अर्थ अंदाजपत्रकातच पुढीलप्रमाणे छापला जावा : “या शीर्षात रुग्णालयाच्या मालकीच्या, वापरात असलेल्या आणि हमीकाळ संपलेल्या उपकरणांच्या व इमारतीतील यंत्रणांच्या देखभाल करारांचे शुल्क, त्यावरील वस्तू व सेवा कर, तसेच कराराबाहेरील सुट्या भागांसाठीची मर्यादित तरतूद यांचा समावेश होतो. नवीन उपकरणांची खरेदी, डायलायझर, रीएजंट, फिल्म यांसारखे वापरून संपणारे साहित्य, सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी आणि वैधानिक तपासण्यांचे शुल्क यांचा समावेश होत नाही.”

शेवटच्या वाक्यामागील कारण थोडे विस्ताराने सांगतो. क्ष-किरण यंत्रांची गुणवत्ता चाचणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार दोन वर्षांतून किमान एकदा करावी लागते आणि अग्निशमन यंत्रणेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र 2006 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. हे खर्च यंत्र बिघडो वा न बिघडो, करावेच लागतात. ते देखभालीत मिसळले तर एका वर्षी देखभाल महागली आणि दुसऱ्या वर्षी स्वस्त झाली असा भास होतो. म्हणून ‘वैधानिक तपासण्या’ हे शीर्ष आज आहे तसेच स्वतंत्र ठेवावे.

2026-27 साठी प्रस्तावित तरतूद, रुपयांत आणि कराशिवाय, अशी आहे :

| गट | रक्कम |
|---|---|
| अतिदक्षता व शस्त्रक्रियागृह | 11,60,000 |
| क्ष-किरण, सी-आर्म व सोनोग्राफी | 9,40,000 |
| लिफ्ट, जनित्र व वातानुकूलन | 8,20,000 |
| डायलिसिस व पाणीशुद्धीकरण | 5,40,000 |
| प्रयोगशाळा | 3,85,000 |
| संगणक, सर्व्हर व यूपीएस | 3,45,000 |
| अग्निशमन व वैद्यकीय वायू वाहिनी | 2,95,000 |
| निर्जंतुकीकरण | 1,75,000 |
| बेरीज | 46,60,000 |

यावर 18 टक्के दराने 8,38,800 रुपये वस्तू व सेवा कर येतो. आपली आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. तो पूर्णपणे खर्चच असतो आणि म्हणून तरतुदीतच धरला आहे. आजवर काही विभाग कर धरून मागणी करत आणि काही न धरता, त्यामुळे वर्षाच्या मध्यावर तूट निघत असे. करारांची करांसह रक्कम 54,98,800 रुपये होते. तीत कराराबाहेरील सुट्या भागांसाठी करांसह 4,50,000 रुपये मिळवल्यावर शीर्षाची एकूण तरतूद 59,48,800 रुपये होते.

चालू वर्षाच्या तुलनेत करारांची रक्कम 1,27,800 रुपयांनी वाढलेली दिसेल. वरील ऑटोक्लेव्हचा करार, दोन विभागांनी स्वतंत्रपणे केलेला एकाच यूपीएसचा दुहेरी करार आणि हमीकाळ चालू असलेल्या दोन मॉनिटरचा करार रद्द केल्याने 1,60,480 रुपये वाचतात. सी-आर्मचा करार मजुरीपुरता न ठेवता सुट्या भागांसह केल्याने 1,18,000 रुपये वाढतात. दोन व्हेंटिलेटरची हमी 30 सप्टेंबर 2026 रोजी संपते, म्हणून त्यांचे सहा महिन्यांचे 70,800 रुपये धरले आहेत. 2027-28 मध्ये ही रक्कम दुप्पट होईल, आणि ती वाढ त्या वर्षी अनपेक्षित समजली जाऊ नये. उरलेले 99,480 रुपये ही उर्वरित करारांतील दरवाढ आहे. दुसरीकडे, कराराबाहेरील दुरुस्त्यांची तरतूद 7,64,000 वरून 4,50,000 वर आणता येते, कारण यंदाच्या रकमेपैकी 3,02,000 रुपये एकट्या सी-आर्मच्या सुट्या भागाचे होते. शीर्षाच्या एकूण रकमेत 1,86,200 रुपयांची घट होते. मात्र घट हा या प्रस्तावाचा मुख्य हेतू नाही, आणि केवळ त्यासाठी तो मंजूर करावा असे मी म्हणणार नाही.

प्रयोगशाळेची रक्कम तिच्या कामाच्या मानाने लहान वाटेल. तिथले दोन मोठे विश्लेषक रीएजंटच्या खरेदीशी बांधलेल्या करारावर आहेत; यंत्र कंपनीचे आहे आणि देखभालीचा खर्च रीएजंटच्या किमतीतच आहे. तो इथे दाखवला तर एकच खर्च दोनदा मोजला जाईल.

एकत्रीकरण शीर्षाचे आहे, कंत्राटदारांचे नाही, हे विभागप्रमुखांशी झालेल्या चर्चेत मी वारंवार स्पष्ट केले आणि इथेही नोंदवतो. सर्व यंत्रे एकाच संस्थेकडे सोपवण्याचा कोणताही विचार नाही. व्हेंटिलेटर, भूल यंत्र आणि डायलिसिस यंत्रे त्यांच्या मूळ उत्पादकांकडेच राहतील. कोणता करार मजुरीपुरता असावा आणि कोणता सुट्या भागांसह, हा तांत्रिक निर्णय विभागप्रमुखांचाच राहील. त्यांच्या सहीने आलेल्या सेवा अहवालाशिवाय बिल निघणार नाही आणि यापुढे तो अहवाल लेखा विभागात वाचून त्यावर नोंद केली जाईल. अतिदक्षता विभागाच्या प्रमुखांनी विचारले होते की, इतर विभागांच्या बिघाडात आमची तरतूद संपली तर काय? ही शंका रास्त आहे. म्हणून तक्त्यातील आठ गटांची रक्कम त्या-त्या गटासाठी राखीव राहील आणि केवळ 4,50,000 रुपयांची सामाईक तरतूद सर्वांना खुली असेल. तिच्यातून 50,000 रुपयांपर्यंतचा खर्च वैद्यकीय अधीक्षक त्याच दिवशी मंजूर करू शकतील. त्यावरील रकमेस समितीच्या एका सदस्याची लेखी संमती पुरेशी असावी.

प्रत्येक विभागाचा खर्च वेगळा दिसणेही थांबणार नाही. उदाहरणार्थ, डायलिसिस गटाचे करांसह 6,37,200 रुपये वर्षाच्या अंदाजे 5,400 डायलिसिसवर वाटले तर प्रत्येक वेळेमागे देखभालीचे 118 रुपये येतात. सवलतीचे दर ठरवताना हा आकडा हाताशी असणे आवश्यक आहे.

करारांच्या तारखांबाबत, शक्य ते सर्व करार 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात आणण्यासाठी आम्ही मधल्या महिन्यांचे अल्पमुदतीचे करार मागितले आहेत. 37 पैकी 26 कंपन्यांनी होकार दिला आहे. जानेवारी ते डिसेंबर चालणाऱ्या करारांचे तीनच महिने चालू वर्षाच्या खर्चात आणि उरलेले नऊ महिने आगाऊ खर्चात दाखवले जातील. रक्कम शक्यतो तिमाही, आणि सेवेनंतर द्यावी. नव्या करारांत यंत्र वर्षातून 95 टक्के दिवस चालू असण्याची अट घातली आहे. म्हणजे 18 दिवसांपेक्षा अधिक काळ बंद राहिल्यास तेवढे दिवस कराराची मुदत विनामूल्य वाढेल. यंत्र बंद असताना पर्यायी यंत्र देण्याची अटही आहे, परंतु सोनोग्राफीला ती लावलेली नाही : गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी नसलेले यंत्र एक दिवसही आवारात आणता येत नाही.

सार्वजनिक न्यासाचे अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना सादर करावयाचे असल्याने, समितीने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातील बैठकीत पुढील ठरावास मान्यता द्यावी, ही विनंती :

“‘उपकरणे व यंत्रणा : वार्षिक देखभाल करार’ हे शीर्ष वरील स्पष्टीकरणासह 2026-27 च्या अंदाजपत्रकात समाविष्ट करावे, त्यासाठी 59,48,800 रुपयांची तरतूद करावी, पाच जुन्या शीर्षांतील संबंधित मागण्या त्या प्रमाणात कमी कराव्यात, आणि गटनिहाय खर्चाचा व यंत्रे बंद राहिलेल्या दिवसांचा तक्ता लेखा विभागाने प्रत्येक तिमाहीच्या अखेरीस समितीपुढे ठेवावा. राखीव रकमेतील शिल्लक समितीच्या मंजुरीशिवाय अन्य शीर्षाकडे वळवू नये.”

आपला विश्वासू,
मुख्य लेखाधिकारी

सोबत : 37 करारांची यंत्रनिहाय यादी, रद्द करावयाच्या करारांची कागदपत्रे, आठही विभागप्रमुखांची लेखी संमती.