नववी भूगोल, पहिली घटक चाचणी : बहुपर्यायी प्रश्नांचे पदविश्लेषण

विषय समितीतील सहकारी शिक्षकांसाठी टिपण

सोलापुरातील आपल्या शाळेत इयत्ता नववीच्या एका तुकडीची भूगोलाची पहिली घटक चाचणी झाली, तिच्यातील वीस गुणांच्या वीस बहुपर्यायी प्रश्नांचे विश्लेषण या टिपणात मांडले आहे. चाचणीला ३७ विद्यार्थी हजर होते. गुण लागले की आपण मुलांविषयी बोलू लागतो, परंतु ज्या प्रश्नांवर ते गुण मिळाले किंवा गेले ते प्रश्न स्वतः कसे होते, हे क्वचितच तपासतो. पदविश्लेषण म्हणजे नेमकी ही तपासणी होय. तिला कॅल्क्युलेटरही लागत नाही. उत्तरपत्रिका, कोरा कागद आणि एक निवांत दुपार पुरते.

प्रथम सर्व उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावाव्यात. त्यानंतर वरच्या २७ टक्के विद्यार्थ्यांचा उच्च गट आणि खालच्या २७ टक्क्यांचा निम्न गट करावा आणि मधल्या विद्यार्थ्यांना या हिशेबातून वगळावे. ही २७ टक्क्यांची प्रथा ट्रुमन केली यांच्या १९३९ मधील लेखापासून रूढ झाली. दोन गट एकमेकांपासून शक्य तितके दूर असावेत आणि तरीही त्यांत पुरेशी मुले असावीत, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ त्या प्रमाणात बसतो. ३७ चे २७ टक्के ९.९९ होतात, म्हणून आपण प्रत्येक गटात १० विद्यार्थी घेतले. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरील दोघांना सारखेच १४ गुण होते. त्यांच्यातील एकाची निवड चिठ्ठी टाकून केली, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता दोन्ही निर्देशांक पाहू. उच्च गटातील बरोबर उत्तरांची संख्या ‘उ’, निम्न गटातील ‘नि’ आणि एका गटातील विद्यार्थिसंख्या ‘ग’ मानल्यास :

काठिण्य निर्देशांक = (उ + नि) ÷ (२ × ग)

भेदन निर्देशांक = (उ − नि) ÷ ग

पहिल्या निर्देशांकाचे नाव थोडे फसवे आहे. नाव काठिण्याचे असले तरी मोजला जातो सोपेपणा, कारण अंक जितका मोठा तितका प्रश्न सोपा ठरतो. ०.९० म्हणजे दोन्ही गट मिळून दहांपैकी नऊ जणांना प्रश्न आला. दुसरा निर्देशांक वेगळी गोष्ट सांगतो : एकूण चाचणीत ज्यांना अधिक गुण मिळाले त्यांना हा प्रश्न, कमी गुण मिळालेल्यांच्या तुलनेत, किती अधिक प्रमाणात आला? त्याची किंमत −१ ते +१ यांमध्ये असते. रॉबर्ट एबेल यांच्या प्रचलित निकषांनुसार ०.४० किंवा अधिक असल्यास प्रश्न फार चांगला, ०.३० ते ०.३९ असल्यास बरा, ०.२० ते ०.२९ असल्यास सुधारणेस पात्र आणि त्याहून कमी असल्यास टाकाऊ किंवा मुळातून बदलण्याजोगा मानला जातो.

वीसपैकी चार प्रश्न नमुन्यादाखल घेतले आहेत.

| प्रश्न | उ | नि | काठिण्य | भेदन |
|---|---|---|---|---|
| ४. उजनी धरण कोणत्या नदीवर आहे? | १० | ८ | ०.९० | ०.२० |
| ९. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी पडण्याचे मुख्य कारण कोणते? | ९ | ३ | ०.६० | ०.६० |
| १३. प्रमाण १ : ५०,००० असल्यास नकाशावरील ४ सेमी अंतर प्रत्यक्षात किती? | ६ | १ | ०.३५ | ०.५० |
| १७. पंढरपूर कोणत्या नदीकाठी वसले आहे? | ३ | ७ | ०.५० | −०.४० |

नववा प्रश्न पडताळून पाहू. बरोबर उत्तर ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’. ९ आणि ३ मिळून १२, भागिले २० म्हणजे ०.६०, ९ वजा ३ म्हणजे ६, भागिले १० म्हणजे पुन्हा ०.६०. दोन्ही अंक सारखे आले हा निव्वळ योगायोग आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजानेही ०.२५ पर्यंत मजल जाते, म्हणून अंदाज आणि पूर्ण यश यांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ०.६२ च्या आसपासचे काठिण्य सोयीचे समजतात. हा प्रश्न तसाच्या तसा प्रश्नपेढीत ठेवावा.

चौथ्या प्रश्नाचे भेदन ०.२० पाहून त्याला नावे ठेवण्याची घाई करू नये. उच्च गटातील दहाही जणांना तो आला असताना काठिण्य ०.९० असेल, तर भेदन ०.२० हून अधिक येऊच शकत नाही. उजनीचे पाणी प्यायलेल्या मुलांना भीमा माहीत असणारच. चाचणीची सुरुवात धीर देणारी व्हावी म्हणून असा एखादा प्रश्न मी जाणून ठेवतो.

तेराव्या प्रश्नात पर्यायनिहाय मोजणी अधिक उपयोगी ठरली. बरोबर उत्तर २ किमी. उच्च गटात २ किमी सहा जणांनी, २० किमी तिघांनी आणि १२.५ किमी एकाने निवडले. निम्न गटात २ किमी एकाने, २० किमी चौघांनी आणि १२.५ किमी पाच जणांनी निवडले. २०० मीटर हा पर्याय वीसपैकी एकालाही पटला नाही. जो विकर्षक कोणालाच खेचत नाही तो केवळ जागा अडवतो, तो बदलावा. निम्न गटाचे यश अंदाजाने येणाऱ्या यशापेक्षाही कमी आहे, म्हणजे ही मुले अंधारात बाण मारत नव्हती, तर ठरावीक चूक करत होती. १२.५ हा आकडा ५० ला ४ ने भागून येतो, गुणाकाराच्या जागी भागाकार केल्यामुळे. २० किमी म्हणजे सेंटिमीटरचे किलोमीटर करताना एक शून्य जास्त राहिले. प्रश्न उत्तम आहे. उणीव आपल्या शिकवण्यात राहिली आहे आणि नकाशाप्रमाणाचा तास पुन्हा घ्यावा लागेल.

सतरावा प्रश्न मी स्वतः तयार केला होता, त्यामुळे त्याची जबाबदारी माझी आहे. उणे भेदन आल्यास सर्वप्रथम उत्तरसूची तपासावी. उत्तरसूचीत ‘चंद्रभागा’ होते आणि पर्यायांत ‘भीमा’ही होती. उच्च गटातील सात जणांनी भीमा निवडली, निम्न गटातील सात जणांनी चंद्रभागा. पंढरपूरजवळ भीमेलाच चंद्रभागा म्हणतात, तेव्हा दोन्ही उत्तरे बरोबर होती. वारीच्या वाटेने ऐकलेले नाव लिहिणारा आणि नकाशा वाचणारा, दोघेही खरे बोलत होते, पण गुण एकालाच मिळाला. दोन्ही उत्तरे ग्राह्य धरल्यास उ १० आणि नि ८ होतात, म्हणजे काठिण्य ०.९० आणि भेदन ०.२०.

एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. गटात दहाच विद्यार्थी असल्याने एका मुलाचे उत्तर बदलले तरी भेदन ०.१० ने आणि काठिण्य ०.०५ ने सरकते. म्हणून ०.२८ की ०.३२ अशा वादात पडू नये. त्यापेक्षा दुसऱ्या तुकडीच्या उत्तरपत्रिका मिळवून संख्या वाढवावी.

सतराव्या प्रश्नात भीमा लिहिणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना, मधल्या गटातील मुलांसह, एकेक गुण वाढवून द्यावा असे मी सुचवतो. त्यामुळे एकूण गुणांचा क्रम हलेल आणि गटांतील काही नावेही बदलू शकतील, म्हणून वरील तक्ता तात्पुरता समजावा. सुधारित गुणांवरून केलेली नवी मोजणी मी शनिवारच्या बैठकीत आणीन.