राऊत सर आणि राऊत साहेब

दारव्ह्याला माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. नोकरीच्या वाटेवरची तालुक्यातली निम्मी पोरं कधी ना कधी माझ्या काउंटरवर येतात. गोलू हा माझा मावसभाऊ. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झालेला.

सप्टेंबरात एका बियाणे कंपनीत त्याची मुलाखत झाली. गुलाबी बोंडअळीवर फवारणी नेमकी कधी करायची, असं साहेबांनी विचारलं आणि हा गडबडला. घरी येताना एसटीत त्याला सगळं आठवलं. रात्री त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं :

"नमस्कार सर. आज मुलाखतीत आपण वेळ दिलात, आभारी आहे. बोंडअळीबद्दलचं माझं उत्तर अर्धवट राहिलं. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आले किंवा दहा टक्के हिरव्या बोंडांत अळी दिसली, तरच फवारणी करावी. फिल्डवर जायची माझी तयारी आहे. निर्णय कळवावा, ही विनंती."

मेसेज चांगला होता. रडगाणं नाही, स्तुती नाही. पण गेला 'राऊत सर' यांना, आणि मुलाखत घेणारे 'राऊत साहेब अकोला' या नावानं सेव्ह होते. राऊत सर म्हणजे झेडपीचे रिटायर मास्तर. शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवाला गोलू ज्या गावात होता, तिथं त्यांचं पाच एकर वावर आहे. कंपनीशी त्यांचा संबंध म्हणजे बियाण्याच्या पिशवीपुरता.

निळ्या टिका आल्या आणि पाठोपाठ व्हॉइस नोट. ती त्यानं मला दुकानात ऐकवली, कान लाल करून.

"बाबू, नोकरी द्याले मी काही कंपनीवाला नाही बाप्पा. पण ते आठ पतंगाचं तू लिवलं ते खरं हाय का? कृषी केंद्रवाल्यानं मले दोन बाटल्या उधारीत देल्ल्या, उद्या फवार म्हंते. तू रविवारी ये. आन् 'विनंती' बरोबर लिवलं, शाबास."

मी त्याला आधी तोच मेसेज साहेबांना पाठवायला लावला. "धन्यवाद, कळवू" असं उत्तर आलं, पुढे काहीच नाही. मुलाखतीनंतर एवढंही न लिहिणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात, त्यामानानं हे बरंच म्हणायचं.

गोलू लाजेपायी जाणार नव्हता, मी गाडी काढली. सरांनी फवारणी थांबवून ठेवली होती. २०१७ त्यांना लख्ख आठवत होतं. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यांच्या शेजारचा एक गडी दवाखान्यात पडून होता. त्यामुळे बाटली उघडायची तर कारण पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

गोलूनं वावरातून तिरपं चालत, वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडली आणि धुऱ्यावर बसून विळ्यानं एकेक चिरली. एका बोंडात सरकीजवळ गुलाबी अळी वळवळत होती, बाकी स्वच्छ. म्हणजे पाच टक्के. वाटेत पाकळ्या मिटून गुलाबासारखी झालेली फुलं दिसली, म्हणजे डोमकळ्या. त्या त्यानं पिशवीत भरल्या आणि बांधाबाहेर जाळल्या. एकरी दोन कामगंध सापळे लावले, मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंगांना ओढणारे. बाटल्या सरांनी सोमवारी परत केल्या. केंद्रवाला आठवडाभर बोलला नाही म्हणे.

पुढच्या आठवड्यात मात्र तीन रात्री नऊ, अकरा, दहा पतंग आले. तेव्हा फवारणी केली, हातमोजे आणि मास्क लावून, वारा पडल्यावर सकाळी. ऐकून मास्तरांच्या गावातल्या शेतकरी गटानं गोलूला सापळे मोजायला बोलावलं. पैसे फार नव्हते, पेट्रोल निघून थोडे उरायचे. पण त्याची वही भरत गेली : तारीख, वावर, सापळा, पतंग, किती बोंडांत अळी. डिसेंबर संपता संपता फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी उभी ठेवू नका, तिच्यावर अळी जगते, म्हणून तो घरोघर फिरला. निम्म्यांनी ऐकलं. उरलेल्यांना मार्चपर्यंत चार पैशांचा कापूस हवा होता, आणि त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

अकोल्याहून फोन आलाच नाही. जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत झाली. अनुभव काय, असं विचारल्यावर गोलूनं वही पुढे केली. साहेब बराच वेळ पानं उलटत बसले आणि फरदडीबद्दलच विचारत राहिले. पुसदला फिल्ड असिस्टंट म्हणून घेतलं, पगार बेताचा, गाडीभत्ता वेगळा.

नेमणुकीचं पत्र आल्यावर त्यानं आधी राऊत सरांना मेसेज केला. यावेळी नंबर दोनदा पाहून. सरांची व्हॉइस नोट आली : "पुसद लांब पडते बाबू. माह्या सापळ्यातल्या गोळ्या जुन्या झाल्या, जायच्या आधी बदलून दे."