ईमेलखालची सही

मुग्धा शिरगावकर
सनदी लेखापाल । चार्टर्ड अकाउंटंट
(आयकर, जीएसटी, सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण)

विश्रामबाग, सांगली ४१६४१५
दूरध्वनी: ०२३३-५५५०१४२ (सोम. ते शनि., १० ते ६, जुलैत फोन लागला नाही तर मेल टाका)
ईमेल: mugdha@shirgaonkar-ca.example

गोपनीयतेबद्दल: या मेलमध्ये अशिलाचा पॅन, बँक खाते किंवा विवरणपत्र असू शकते. मेल चुकून तुमच्याकडे आला असेल तर एका ओळीत कळवा आणि जोडपत्रांसह काढून टाका. पुढे पाठवू नका. जोडपत्राचा पासवर्ड फोनवरच सांगितला जातो. ओटीपी मी कधीच मागत नाही. माझा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, तर पैसे भरण्याआधी वरच्या क्रमांकावर विचारा.