'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन': कुठला मुद्दा कोणाचा

मंडळी, गुरुवारच्या चर्चेसाठी सारांश टाकतेय. पुस्तक १९८३ चं, केंब्रिजचं, संपादक एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर. लेख सात आणि लेखक सहा, कारण हॉब्सबॉमचे दोन आहेत, प्रस्तावना आणि शेवटचा. गेल्या वेळी सगळ्यांनी सगळंच "हॉब्सबॉम म्हणतो" करून टाकलं होतं, तसं यावेळी नको प्लीज, कारण या सहा जणांचं म्हणणं एक नाहीये.

प्रस्तावनेतला हॉब्सबॉमचा दावा असा की ज्या प्रथा फार जुन्या वाटतात किंवा जुन्या म्हणून सांगितल्या जातात त्यातल्या बऱ्याच अलीकडच्या असतात, कधी मुद्दाम घडवलेल्या, आणि समाज झपाट्याने बदलत असतो तेव्हा त्या जास्त निघतात. तो परंपरा आणि रूढी वेगळ्या धरतो, रूढी लवचिक असते, माणसं गरजेप्रमाणे ती वाकवतात, परंपरा मात्र बदलत नाही असंच सांगावं लागतं. हा फरक त्याचा आहे, बाकीचे पाच जण तो तितक्या काटेकोरपणे पाळत नाहीत. शेवटच्या लेखात तो १८७०-१९१४ चा युरोप घेतो. मतदार वाढले, जुनी निष्ठा पुरेना, मग फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने १८८० मध्ये १४ जुलैचा सण सुरू केला, जर्मनीत बिस्मार्कचे पुतळे आले. सरकारच नाही तर कामगार चळवळीनेही १ मे घडवला हेही त्याच लेखात आहे, ते सोडू नका.

ह्यू ट्रेव्हर-रोपर स्कॉटलंडवर. किल्ट हा अठराव्या शतकात थॉमस रॉलिन्सन या इंग्लिश कारखानदाराने काढलेला पोशाख, आणि प्रत्येक घराण्याचं वेगळं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, हे तर त्याहून नंतरचं, असं तो म्हणतो. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट उभा केला, तिथून ते पक्कं झालं. ट्रेव्हर-रोपरचा सूर बनावटपणा उघडा पाडायचा आहे. त्याच्या शेजारीच प्रिस मॉर्गन वेल्सवर लिहितो आणि सूर पूर्ण वेगळा. वेल्श कवी इओलो मॉर्गनवगने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर प्राचीन म्हणून सोहळा केला, तो त्याने स्वतः रचलेला होता हे मॉर्गनही सांगतो, पण जुनं वेल्श जगणं मोडत चाललेलं असताना भूतकाळाला अशी नवी रूपं देऊन लोकांनी आपली ओळख टिकवली असं त्याला वाटतं. मला हा लेख जास्त आवडला, माणसांबद्दल माया आहे त्यात.

डेव्हिड कॅनडाइन ब्रिटिश राजघराण्यावर, १८२० ते १९७७. राजसत्तेकडे खरी ताकद होती तेव्हा तिचे समारंभ गबाळे व्हायचे, ताकद ओसरत गेली तसा डामडौल वाढला. बस, मुद्दा एवढाच, पण पुराव्यानिशी.

आता बर्नार्ड कोन, आपल्यासाठी सगळ्यात जवळचा. मुघल दरबारात नजर, म्हणजे नजराणा, देणं आणि खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, घेणं म्हणजे राजाच्या अंगाचा भाग होणं, इंग्रजांनी मात्र त्याला देवाणघेवाण समजलं, म्हणजे नातं गेलं आणि व्यवहार उरला. १८५७ नंतर त्यांना स्वतःचा विधी हवा होता, तो १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात दिसतो, जिथे व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना युरोपीय धर्तीची चिन्हं असलेले झेंडे दिले. आणि सुरुवातीच्या राष्ट्रवाद्यांनी आपल्या सभा याच भाषेत भरवल्या असंही कोन दाखवतो. (सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी याच दरबाराला खादी घालून गेले होते, ही भर माझी आहे, कोनच्या नावावर टाकू नका.)

रेंजर आफ्रिकेवर. गोऱ्यांनी दोन गोष्टी आणल्या, स्वतःच्या घडवलेल्या परंपरा, रेजिमेंट, शाळा वगैरे, आणि आफ्रिकनांच्या "प्राचीन" म्हणून गोठवलेल्या जमाती आणि रूढीचा कायदा. त्याचा सगळ्यात टोकदार मुद्दा हा की त्या गोठवण्यात आफ्रिकनांचाही हात होता, म्हाताऱ्यांनी तरुणांवर, पुरुषांनी बायकांवर आणि सरदारांनी प्रजेवर पकड बसवायला "आमची परंपरा" वापरली. हॉब्सबॉमच्या चौकटीत बसवून हा लेख वाचला की नेमकं हेच निसटतं. आणि रेंजरने १९९३ मध्ये स्वतःच मत बदललं, वसाहतवाल्यांना आपण जास्तच श्रेय दिलं, आफ्रिकनांनी त्या गोष्टींना पुढे दिलेलं वळण आपण कमी पाहिलं, असं. ते या पुस्तकात नाही, तेव्हा १९८३ चा रेंजर आणि १९९३ चा रेंजर वेगवेगळे मांडा.

गुरुवारी कोन आणि रेंजर यांना आधी घेऊ, वेळ उरला तर कॅनडाइन.