संगणक रीसेट झाल्यानंतर बिलिंगचा डेटा परत आणण्याची पद्धत

आपल्या दुकानाचा संगणक `Keep my files` हा पर्याय निवडून रीसेट करण्यात आला आहे. या पर्यायात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांसारख्या फोल्डरांतील फायली राहतात, परंतु बाहेरून बसवलेली सॉफ्टवेअरे निघून जातात. त्यामुळे बिलिंगचे चिन्ह दिसत नाही, म्हणून सगळी बिलेही गेली असे समजू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की सॉफ्टवेअर नव्याने बसवल्यावर त्या रिकाम्या खात्यात एकही बिल करू नये. तिथे बिल क्रमांक बहुधा पुन्हा १ पासून सुरू होतात, आणि नंतर जुना बॅकअप आणला की मधल्या काळातील बिले त्याखाली पुसली जातात. तोवर बिलबुकावर हाताने बिले करावीत आणि त्यांना ‘ह-१’, ‘ह-२’ असे वेगळे क्रमांक द्यावेत.

आता डेटा शोधू. आधी पेन ड्राइव्ह आणि `D:` ड्राइव्ह पाहावेत. तिथे काही नसेल, तर `C:` ड्राइव्हवर `Windows.old` हे फोल्डर आहे का ते पाहावे. विंडोज ते साधारणपणे १० दिवसांनी आपोआप काढून टाकते, म्हणून हे काम उद्यावर ढकलू नये. बॅकअप आणि डेटाच्या फायली शोधण्यासाठी फाइल एक्सप्लोररच्या शोधचौकटीत पुढील शब्द एकेक करून टाकावेत:

```
*.bak
*.mdf
*.mdb
```

`.mdf` फाइल सापडल्यास त्याच नावाची `.ldf` फाइलही सोबत घ्यावी. जे सापडेल त्याची प्रत पेन ड्राइव्हवर करून घ्यावी, आणि पुढचे सारे काम दुसऱ्या प्रतीवरच करावे. काहीच न सापडल्यास संगणक वापरणे तत्काळ थांबवून डेटा रिकव्हरी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्यावा, कारण नवीन फायली जुन्यांची जागा व्यापत जातात.

सॉफ्टवेअर बसवताना आधीचीच आवृत्ती घ्यावी. अनेक बिलिंग सॉफ्टवेअरे आपला डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीत साठवतात, आणि तिच्या नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत उघडत नाही. परवान्याची की जवळ नसल्यास विक्रेत्याकडून मागवावी, आणि मग `Restore` या पर्यायातून सर्वांत अलीकडच्या तारखेची `.bak` फाइल निवडावी. केवळ `.mdf` अथवा `.mdb` मिळाली असेल, तर ती जोडण्याचे काम विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडूनच करून घेतलेले बरे.

‘रिस्टोअर पूर्ण’ हा संदेश आला, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. शेवटचा बिल क्रमांक हाती असलेल्या छापील प्रतीशी ताडून पाहावा. छापील प्रत ४३१८ ची आणि डेटा ४२९० पर्यंतचाच असेल, तर मधली २८ बिले मूळ तारखेने आणि मूळ क्रमांकाने भरावीत. दोन-चार नेहमीच्या ग्राहकांची उधारी आणि काही मालाचा साठाही वहीशी जुळवावा. हे सारे जुळल्यावरच हाताने केलेली बिले भरावीत, लगेच नवा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाला न जोडता वेगळा ठेवावा.